एक व्हीएमसी विकली आणि मशिनरीचा ब्लॉक शून्य झाला: आमचा वर्षभराचा अनुभव

हे लिहायचं खूप दिवस डोक्यात होतं पण रिफंड येईपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं, उगाच मध्येच काहीतरी लिहावं आणि नंतर नोटीस यावी असं नको. रिफंड 23 सप्टेंबरला आला, म्हणून आता लिहितेय.

आमचं कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, बाबांच्या नावावर प्रोप्रायटरशिप. फाउंड्रीवाल्यांकडून कास्टिंग येतं, आम्ही मशीनिंग करून परत देतो. बाबा मशीनवर आणि मी ऑफिसात, म्हणजे बिलं, जीएसटी, टॅली सगळं माझ्याकडे. मी बीकॉम आहे, सीए नाही, त्यामुळे खालचं सगळं एका हिशोब लिहिणाऱ्या बाईचा अनुभव समजून वाचा.

आमच्याकडे 2013 च्या जूनमध्ये घेतलेली एक व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन, होती, तेव्हा 21 लाखाला पडलेली. शिवाय 2010 चं एक सीएनसी लेथ, एक रेडियल ड्रिल आणि एक सरफेस ग्राइंडर. 2024 च्या दिवाळीनंतर व्हीएमसीवरचं काम बरंच कमी झालं, स्पिंडलचा आवाजही सुरू झाला होता, आणि एका ब्रोकरने सांगलीकडचं गिऱ्हाईक आणलं. साडेनऊ लाखाला सौदा ठरला, वर 18 टक्के जीएसटी. गिऱ्हाईक म्हणत होतं दोनेक लाख रोख घ्या, बाबा जवळजवळ हो म्हणाले होते, मी मध्ये पडले. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि तसंही सगळं खात्यात आलेलं बरं. 14 डिसेंबरला हायड्रा क्रेन आली, मशीन उचललं, ई-वे बिल मी स्वतः काढलं. ब्रोकरला 19,000 आणि हायड्रा-लोडिंगचे 11,000 आमच्या अंगावर. इनव्हॉइस 9,50,000 अधिक 1,71,000 जीएसटी, एकूण 11,21,000. जीएसटी आपला नाहीच, तो सरकारला जातो, त्यामुळे इन्कम टॅक्ससाठी विक्रीची रक्कम साडेनऊ लाखच धरायची, हे आधीच डोक्यात ठेवा नाहीतर पुढचे सगळे आकडे चुकतात.

त्या रात्री मी टॅलीत एंट्री केली. माझ्याकडे प्रत्येक मशीनचं वेगळं रजिस्टर आहे, त्यात व्हीएमसीची घसारा, म्हणजे दरवर्षीची झीज, वजा जाता किंमत साधारण 3,51,000 उरली होती (21 लाखावर दरवर्षी 15 टक्के, अकरा वर्षं). साडेनऊ लाखाला विकलं म्हणजे जवळपास 6 लाख फायदा. मी तो 'प्रॉफिट ऑन सेल ऑफ मशीन' म्हणून नफा-तोटा खात्यात टाकला आणि मग झोपच लागेना, सहा लाखावर टॅक्स!

सकाळी बाबांना सांगितलं तर ते भडकलेच. "आगं, 21 लाखाचं मशीन साडेनऊला गेलं, साडेअकरा लाख बुडाले माझे, आणि तू फायदा कुठनं काढतीस?" त्यांच्या बाजूने बघितलं तर तेही खरंच वाटतं ना.

मग 18 डिसेंबरला आमच्या सीए सरांकडे गेलो, दोघंही. सरांनी आमच्या दोघांचंही ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्या दोघांचाही हिशोब इन्कम टॅक्सला चालत नाही. तिथे तुमची व्हीएमसी नावाची वस्तूच नाहीये, फक्त ब्लॉक आहे."

हे मला कॉलेजात शिकवलं होतं पण खरं सांगते, तेव्हा कळलंच नव्हतं. सरांनी पाण्याच्या टाकीचं उदाहरण दिलं. एकाच दराने घसारा मिळणाऱ्या एकाच प्रकारच्या सगळ्या वस्तू एका टाकीत, ही टाकी म्हणजेच ब्लॉक. आमची साधी मशिनरी 15 टक्क्यांची, ती सगळी एका टाकीत. कॉम्प्युटर 40 टक्क्यांच्या वेगळ्या टाकीत, फर्निचर 10 टक्क्यांच्या वेगळ्या. मशीन घेतलं की त्याची किंमत टाकीत ओतली, आणि एकदा ओतली की कुठलं पाणी कुठल्या मशीनचं हे विचारायचं नाही. वर्षाच्या शेवटी टाकीत जे उरलं त्याच्यावर 15 टक्के घसारा. आणि मशीन विकलं की जेवढे पैसे आले तेवढं पाणी टाकीतून काढायचं, त्या मशीनची रजिस्टरमधली किंमत नाही, विक्रीचे पैसे.

आता आमच्या टाकीत किती होतं? 1 एप्रिल 2024 ला चारही मशीन मिळून 5,40,000. जुलैमध्ये आम्ही एक स्क्रू कॉम्प्रेसर घेतला होता, जीएसटी सोडून 1,20,000, तो ह्याच टाकीत. म्हणजे 6,60,000. आणि बाहेर काढायचे साडेनऊ लाख.

टाकीत आहे त्याच्यापेक्षा जास्त पाणी कसं काढणार? इथेच इन्कम टॅक्सचं कलम 50 येतं. टाकी शून्यावर थांबते, मायनसमध्ये जात नाही, आणि जे जास्तीचं आलं ते कॅपिटल गेन, आणि तेही शॉर्ट टर्म, मशीन अकरा वर्षं वापरलं असलं तरी. विक्रीसाठी झालेला खर्च मात्र वजा मिळतो, म्हणजे आमचे ब्रोकर आणि हायड्राचे 30,000. सरांनी कॅलेंडरच्या मागे लिहून दिलं, तो कागद अजून माझ्याकडे आहे:

```
विक्री                      9,50,000
वजा: विक्रीचा खर्च            30,000
वजा: 1 एप्रिलचा ब्लॉक        5,40,000
वजा: वर्षातली खरेदी          1,20,000
शॉर्ट टर्म कॅपिटल गेन         2,60,000
```

म्हणजे बाबांच्या मते साडेअकरा लाख तोटा, माझ्या टॅलीत 6 लाख फायदा आणि इन्कम टॅक्समध्ये 2,60,000. मला ऐकून हायसं वाटलं पण बाबांना नाही. त्यांनी बरोबर प्रश्न विचारला, की बाकीची तीन मशीन अजून शेडमध्ये उभी आहेत, त्यांचं काय? सर म्हणाले, त्यांची किंमत इन्कम टॅक्सच्या दृष्टीने आता शून्य. ती चालतील, कमावतील, पण त्यांच्यावर एक रुपया घसारा मिळणार नाही, ह्या वर्षीही नाही आणि पुढेही नाही, नवीन मशीन ब्लॉकमध्ये येईपर्यंत. विक्री झाली नसती तर 6,60,000 वर 99,000 घसारा ह्या वर्षी मिळाला असता. म्हणजे फटका दोन ठिकाणी बसला, 2,60,000 उत्पन्नात वाढले आणि 99,000 ची वजावट गेली. ह्या दुसऱ्या भागाकडे माझं लक्षच नव्हतं, आणि मला वाटतं बऱ्याच जणांचं नसतं, कारण तो कुठे आकड्यात दिसत नाही, फक्त एक ओळ रिकामी राहते.

बाबांना अकरा वर्षांनी 'शॉर्ट टर्म' हा शब्द अजिबात पटला नाही. मलाही विचित्रच वाटतो. पण सरांनी समजावलं की दरवर्षी आपण घसारा घेऊन 30 टक्क्यांपर्यंतच्या दराने टॅक्स वाचवला होता, मशीन प्रत्यक्षात तेवढं झिजलं नव्हतं हे विक्रीत दिसलं, तर जास्तीचा घेतलेला घसारा असा परत जातो. आणि 'शॉर्ट टर्म' म्हटलं तरी शेअरवाला वेगळा दर नाही, आपल्या नेहमीच्या स्लॅबनेच लागतो. मी विचारलं की ते बाँड घेऊन टॅक्स वाचतो ना, 54ईसी? तर ते आता फक्त जमीन किंवा इमारतीच्या विक्रीला आहे, 2018 च्या बजेटपासून. मशीनला नाही. तो दरवाजा बंद.

मग उपाय काय? उपाय एकच, 31 मार्चच्या आत त्याच टाकीत पाणी ओता. इथे बाबांनी उत्साहाने यादीच काढली: मला नवीन लॅपटॉप, ऑफिसला खुर्च्या, शेडचे पत्रे. एकही चालत नाही! लॅपटॉप 40 ची टाकी, खुर्च्या 10 ची, पत्रे इमारतीत. 15 टक्क्यांच्या मशिनरीतच काहीतरी आलं पाहिजे.

खरं तर आम्हाला नवीन व्हीएमसी घ्यायचीच होती, 26,50,000 चं कोटेशन आलेलं होतं. ती मार्चच्या आत आली असती तर गेन हा विषयच संपला असता. पण लोनची फाइल बँकेत अडकली होती, कधी हा कागद कधी तो कागद, मंजुरी आली 11 एप्रिल 2025 ला. अकरा दिवस! माझं आता स्पष्ट मत आहे की जुनं मशीन विकणं आणि नवीन घेणं एकाच आर्थिक वर्षात बसवता येत असेल तर बसवावं, लोन उशिरा होणार असं दिसलं तर जमल्यास विक्री एप्रिलमध्ये ढकलावी. आमचं गिऱ्हाईक थांबलं नसतं ही गोष्ट वेगळी, आणि साडेनऊ लाख परत कोणी दिले असते का माहीत नाही. टॅक्ससाठी गिऱ्हाईक सोडायचं नसतं हे बाबांचं म्हणणंही मला मान्य आहे.

आम्हाला बँडसॉ मशीनची मात्र खरोखर गरज होती, बार कापायला बाहेर पाठवायचो. ते 1,45,000 ला होतं. फेब्रुवारीत ऑर्डर दिली. सर म्हणाले, "गरज नसती तर मी घ्या म्हणालो नसतो. टॅक्स वाचवायला दीड लाख घालवायचे, वाचणार तीस हजार." हे फार महत्त्वाचं आहे, मार्चमध्ये लोक कसलीही यंत्रं घेऊन ठेवतात. पण आमच्या बाबतीत एक गंमत होती. एरवी मार्चमध्ये मशीन घेतलं की 180 दिवसांपेक्षा कमी वापर म्हणून निम्माच घसारा मिळतो, म्हणजे 1,45,000 वर साडेसात टक्के, जेमतेम अकरा हजार. पण कलम 50 च्या हिशोबात वर्षात घेतलेल्या मशीनची पूर्ण किंमत वजा होते, तिथे 180 दिवस बघत नाहीत. म्हणजे बँडसॉची सगळी किंमत एकाच वर्षात वसूल. नंतर त्याच्यावर घसारा नाही अर्थात, टाकी शून्यच राहिली.

मध्ये 15 मार्चचा अ‍ॅडव्हान्स टॅक्स आला आणि बँडसॉ अजून आलेलं नव्हतं, ट्रान्सपोर्टवाला रोज उद्या म्हणायचा. इथे एक माहिती उपयोगाची आहे. विक्री झाली 14 डिसेंबरला आणि दुसऱ्याच दिवशी 15 डिसेंबरचा हप्ता होता, तो आम्ही जुन्या अंदाजानेच भरला होता. मला वाटलं व्याज लागणार. पण कॅपिटल गेन आधी कळत नाही म्हणून त्याच्यामुळे हप्ता कमी पडला तर 234सी चं व्याज लागत नाही, फक्त त्यानंतरच्या हप्त्यांत, आणि हप्ता उरला नसेल तर 31 मार्चपर्यंत, तो टॅक्स भरायचा. सर म्हणाले बँडसॉ येणारच नाही असं धरून भरा. बाबांचं बाकीचं उत्पन्न 11 लाखाच्या आसपास, नवीन टॅक्स पद्धत, त्या वर्षीच्या स्लॅबने त्यावर 2,60,000 चढले की एक लाख 15 टक्क्यांत आणि 1,60,000 हे 20 टक्क्यांत, सेस धरून 48,880. आम्ही 12 मार्चला ह्यासाठी 49,000 भरले. बाबांचा चेहरा बघवत नव्हता.

24 मार्चला बँडसॉ आलं. सरांचा आग्रह होता की नुसतं बिल नको, मशीन येऊन बसलेलं, चाललेलं हवं, म्हणजे उद्या कोणी विचारलं तर वाद नको. म्हणून 27 तारखेला बसवून पहिला बार कापला, कंपनीच्या माणसाची इन्स्टॉलेशन रिपोर्टवर सही आणि तारीख घेतली, फोटो काढला. बिल, ट्रान्सपोर्टची पावती, रिपोर्ट सगळं एका फाइलीत. आता गेन 2,60,000 चा 1,15,000 झाला.

रिटर्नचं काम आम्ही ऑगस्टमध्ये घेतलं, 2025 मध्ये मुदत 31 जुलैची 15 सप्टेंबर झाली होती. आणि इथे माझ्या चुका बाहेर पडल्या.

पहिली, तो जवळपास 6 लाखाचा 'प्रॉफिट ऑन सेल' नफा-तोटा खात्यात बसलेलाच होता. तो तसाच ठेवून वर कॅपिटल गेन दाखवला असता तर एकाच मशीनवर दोनदा टॅक्स. रिटर्नमध्ये धंद्याचं उत्पन्न काढताना तो पुस्तकी फायदा वजा करावा लागतो, मग गेनमध्ये 1,15,000 वेगळे येतात. दुसरी चूक उलट्या बाजूची, ब्रोकरचे आणि हायड्राचे 30,000 मी खर्चात पण टाकले होते आणि गेनमधून पण वजा केले होते. एकीकडूनच मिळतात, खर्चातून काढले. तिसरी गोष्ट चूक नाही पण लक्षात ठेवायची, जीएसटी रिटर्नमध्ये मशीनचं इनव्हॉइस धरून उलाढाल साडेनऊ लाखाने जास्त दिसते आणि ती इन्कम टॅक्स पोर्टलवरच्या एआयएस माहितीपत्रकातही येते. दोन्हीचा मेळ लावणारा एक कागद मी बनवून ठेवलाय, कुणी विचारलं तर.

मग `Schedule DPM`, म्हणजे रिटर्नमधला मशिनरीच्या घसाऱ्याचा तक्ता. फॉर्म ITR-3, त्यात 15 टक्क्यांचा रकाना. मी आधी फॉर्मच्या ओळी एक्सेलमध्ये उतरवून आकडे घातले. ह्या भागात वरच्या अर्ध्यात सुरुवातीचा ब्लॉक आणि 180 दिवस किंवा जास्त वापरलेली खरेदी येते, त्यातून विक्री वजा. खालच्या अर्ध्यात 180 दिवसांपेक्षा कमीची खरेदी, आणि त्यातून विक्री वजा करायची अजून एक वेगळी ओळ. व्हीएमसी जुनी म्हणून मी सगळे 9,50,000 वरच्या ओळीत टाकले. वर शून्य आलं, पण खाली बँडसॉचे 1,45,000 तसेच राहिले आणि त्याच्यावर अर्ध्या दराने 10,875 घसारा दिसायला लागला. मी खूश, सरांना दाखवला, तर ते हसले. पूर्ण ब्लॉक शून्य आहे तर घसारा कशावर? बँडसॉची किंमत गेनमधून एकदा वजा झालीच आहे. त्यांनी विक्री दोन ओळींत फोडली, वर 6,60,000 आणि उरलेले 2,90,000 खाली. मग दोन्हीकडे शून्य, घसारा शून्य, खर्चाचे 30,000 त्यांच्या ओळीत, आणि कलम 50 च्या ओळीत बरोबर 1,15,000. तो आकडा पुढे `Schedule DCG` मध्ये आणि तिथून कॅपिटल गेनमध्ये जातो. तुमच्या रिटर्नमध्ये ब्लॉक शून्य आणि तरी घसाऱ्याचा आकडा दिसत असेल तर काहीतरी चुकलंय एवढं नक्की समजा.

शेजारच्या शॉपचे काका म्हणाले, आम्ही 44एडी मध्ये, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के नफा धरायच्या योजनेत आहोत, घसारा घेतच नाही, आम्हाला हे लागू नाही. मी सरांना विचारलं, तर लागू आहे. 44एडी मध्ये घसारा दिलाच आहे असं धरतात, ब्लॉक दरवर्षी कागदावर कमी होतच असतो, आणि मशीन विकून असा गेन आला तर त्या वर्षी सोपं ITR-4 चालत नाही, ITR-3 भरावं लागतं. काकांनी त्यांचा ब्लॉक किती उरलाय हे कधी काढलंच नव्हतं.

4 सप्टेंबरला रिटर्न भरलं, लगेच आधार ओटीपीने व्हेरिफाय केलं. 1,15,000 वरचा टॅक्स सेससकट 18,720 झाला, आम्ही भरले होते 49,000, त्यामुळे 30,280 परत यायचे होते. 23 सप्टेंबरला आले, वर नऊशेच्या आसपास व्याज, ते पुढच्या वर्षी उत्पन्नात दाखवायचंय. सरांची फी 6,500. नवीन आयकर कायदा 2025 हा 1 एप्रिल 2026 पासूनचा, त्यात कलमांचे नंबर बदललेत, तर वरचे नंबर माझ्या वर्षाचे आहेत हे लक्षात असू द्या.

नवीन व्हीएमसी 30 मे ला बसली. टाकीत शून्यावर 26,50,000 पडले आणि 180 दिवस होऊन जात असल्यामुळे ह्या वर्षी पूर्ण 3,97,500 घसारा मिळेल. आणि परवा तोच ब्रोकर परत आला, जुन्या सीएनसी लेथला सव्वादोन लाखाचं गिऱ्हाईक घेऊन. बाबांनी त्याला चहा दिला, आतमध्ये आले आणि मला विचारलं, "टाकीत पाणी हाय न्हवं आता?" मी म्हटलं आहे, भरपूर आहे, सव्वादोन काढले तरी गेन नाही, फक्त घसारा तेहतीस-चौतीस हजाराने कमी होईल. ते बाहेर जाऊन म्हणाले, अडीच दे.